सरांचा शेरा

धम्मपालनं प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. विषय: कॉलेजात मोबाईल गेमिंग स्पर्धेसाठी निधी मिळणेबाबत. असा अर्ज क्रीडा विभागाच्या खरात सरांमार्फतच पुढं जातो. सरांनी त्याला शेजारी बसवून तो दोनदा सुधारून दिला.

"चार-चार जणांचे सोळा संघ लिही. गेममधल्या रूमचा आयडी-पासवर्ड सामन्याच्या जरा आधीच द्यायचा, न्हाईतर बाहेरचे घुसतात. कॉलेजच्या वायफायवर भरवसा ठेवू नको, ऐन फाईटमधी पिंग वाढतं, गेम अडकतो. वेगळ्या राउटरचा खर्चा टाक. शिफारस मी करतो, बिलकुल काळजी करू नको."

आठवड्यानं प्राचार्यांनी अर्ज त्याच्यापुढं सरकवला. खाली सरांच्याच अक्षरात शेरा होता: 'सदर खेळामुळे विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होते. निधी देऊ नये.'

"खरात सर असल्या गेमच्या लई विरोधात आहेत," प्राचार्य म्हणाले.

धम्मपाल तोंड पाडून बाहेर पायऱ्यांवर येऊन बसला. तेवढ्यात खिशातला मोबाईल थरथरला.



गेममधून खरात सरांचं रोजचं बोलावणं आलं होतं: "जल्दी ये रे, तिघंच हाओत. तुझ्याबिगर हरून राह्यलो."