समान म्हणजे समान

पोस्टमनने रजिस्टरचं पाकीट हातात दिलं तेव्हा भैरू बहिणीसाठी आणलेल्या साडीची घडी बघत होता. साडी सहीसाठी होती. अमिताने बाबांच्या मागे राहिलेल्या जमिनीच्या हक्कसोड पत्रावर सही करायची, साडी घ्यायची, जेवायचं आणि महाडला परत जायचं, असं भावांनी ठरवलं होतं. वाडीत सगळ्यांच्या बहिणी असंच करत आल्या होत्या.

पाकिटावर अमिताचंच अक्षर होतं. धाकटा भाऊ श्रीपत बिरवाडीहून सुट्टीला आला होता. त्यानेच आतलं पत्र मोठ्याने वाचलं.

"दादा आणि श्रीपत यांस नमस्कार. तुम्ही जमिनीचं वाटप करताय असं कळलं. मी हक्कसोड करणार नाही. मीही बाबांचीच मुलगी आहे. मला तुमच्याइतकाच वाटा हवा. साडी आणली असेल तर वहिनीला द्या, तिला हिरवा रंग शोभतो."

"साडीचा रंग तिला कसा कळला?" भैरूने विचारलं.

माजघरात येसूआत्या तांदूळ निवडत होती. येसूआत्या म्हणजे त्यांच्या बाबांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर या तिघांना तिनेच अंगाखांद्यावर वाढवलं होतं.

"मीच सांगितला फोनवर," ती म्हणाली. "त्यात काय चोरी हाय?"

"आत्ये, लग्न झालं तिचं! दिली तिला सासरी!"

"दिली म्हणजे काय, बोकड दिला का रे? बापाची लेक बापाचीच ऱ्हाते."

भैरू दोन दिवस नीट जेवला नाही. अमिता परकी झाली, उद्या तिचा नवरा बांधावर उभा राहून हुकूम सोडेल, असं काहीबाही बोलत राहिला. श्रीपत मात्र महाडच्या वकिलाकडे जाऊन आला.

"दादा, तिच्या सहीशिवाय तहसीलदार वाटप करायचा नाय. सगळे वारस कबूल असले तरच होतं. नायतर दिवाणी कोर्ट. आणि कोर्टबी तिला सारखाच वाटा देणार. आपल्या दोघांचे केस मात्र तिथं पिकतील."

"माझे पिकलेच हायत," भैरू म्हणाला, आणि आत्याला हसू फुटलं. मग भैरूलाही.

त्याने अमिताला फोन लावला. "वाटा घे गो बाय. पण घेणार कुठला? वरचा डोंगरउताराचा वरकस घे, वारा छान लागतो."

"दादा, वाऱ्यावर भात पिकतो का?"

"समान म्हणजे समान रे भैरू," आत्या आतून ओरडली. "खाचरातलं खाचर, वरकसातलं वरकस."

तसंच ठरलं. खालची भाताची खाचरं तिघांत, वरचा वरकस तिघांत, फणस सामाईक. आधी वारसनोंद, मग तहसीलदाराकडे अर्ज, मग मोजणी. जमीन आजोबांनी, रामजींनी, कुळकायद्यात मिळवलेली. सातबारा अजून त्यांच्याच नावावर होता. बाबांनी तो कधी बदलला नाही आणि कुणाचं काही अडलंही नाही.

तलाठ्याकडे जायच्या दिवशी अमिता महाडहून जिलबीचा पुडा घेऊन आली. भैरूने तिला साडी दिलीच. ती तिने वहिनीच्या अंगावर टाकली. येसूआत्या नऊवारी नेसून, कमरेला बटवा खोचून आधीच जीपमध्ये बसली होती.

"तू कशाला दगदग करतेस?" भैरू म्हणाला.

"जिलबी तिकडं चाललीय ना? मग मीबी."

तलाठी तरुण होता, चष्मा लावणारा. त्याने बाबांच्या मृत्यूचा दाखला बघितला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र भरायला घेतलं.

"बहीण हक्क सोडतेय ना? सगळे तसंच करतात."

भैरूने छाती पुढे काढली. एवढ्या दिवसांत आत्याचं वाक्य त्याला आवडू लागलं होतं. "नाय साहेब. आमच्या घरात मुलगा-मुलगी समान. कायदा हाय तो हाय. बापाच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा. लिवा बिनधास्त."

अमिताचे डोळे भरले. बाकावर बसलेल्या आत्याने मान डोलावली आणि आणखी एक जिलबी उचलली.

"शाब्बास," तलाठी म्हणाला. "पण सातबारा तर आजोबांच्या नावावर आहे. म्हणजे तिथून सुरुवात करावी लागेल. रामजींचे वारस कोण?"

"आमचे बाबा. एकुलता एक मुलगा."

"मुलगा एक," तलाठ्याने लिहिलं. "मुली?"

भैरू मागे वळला, बाकाकडे. श्रीपत अमिताकडे बघू लागला, अमिता श्रीपतकडे.

येसूआत्याने बोटं पदराला पुसली, बटव्यातून आधार कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"एक हाय," ती म्हणाली. "लिव रे बाबा, अर्धा वाटा. भैरू आत्ताच बोलला ना?"