रोवळीच्या पिढ्या

चार वाजता हस्तकला विकणाऱ्या कंपनीच्या साइटवर नव्या कारागिरांची नोंद बंद होणार होती, आणि साडेतीन वाजून गेले तरी जाईबाई हातातली रोवळी खाली ठेवायला तयार नव्हती.

"आजी, फोटो झाला, व्हिडिओ झाला. आता गोष्ट तेवढी राहिलीय," रसिका पायरीवरून म्हणाली. मोबाइलवर टाइप करायला तिची बोटं शिवशिवत होती. पडवीत चाळीस रोवळ्या रचून ठेवल्या होत्या. आज जमलं तर त्या देशभर जाणार होत्या, नाहीतर पुढच्या वर्षापर्यंत तिथेच.

"काय पुसतायत?"

"काय बनवता, कसं बनवता, कशापासून. घेणाऱ्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही असं समजून लिहा, म्हणतात."

"बघितलं नाय तरी घेतील?" जाईबाई हसली, आणि मग जी सुटली ती थांबेना.

"लिव. बांबू माणगा जातीचा, तीन वर्साचा. कोवळा घेतलास तर सुकला की आकसतो, मग रोवळी ढिली. दिवाळी सरल्यावर अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, नायतर भुंगा लागतो. कोयतीनं चिरायचा. हिरवी पाठ वेगळी, पांढरं पोट वेगळं. रोवळीला पाठच. पोट पाण्यात कुजतं, ते कोंबड्यांच्या डालग्याला चालतं. पट्ट्या भिजत घालायच्या, मग वळताना मोडत नायत. तळ चौकोनी, म्हंजे टेकून बसते. तोंड गोल, म्हंजे हात फिरतो, तांदूळ कोपऱ्यात अडकत नाय. आणि वीण अशी की पाणी जायला हवं, दाणा नाय. शेवटी तांदूळ धुऊन बघायचा. एक दाणा खाली पडला तरी तेवढा भाग उसवून परत."

रसिकाने भराभर सगळं टाइप करून पानावर टाकलं. 'नायत'चं 'नाहीत' केलं, बाकी फारसं बदललं नाही. तिला स्वतःलाच हे अर्धं ठाऊक नव्हतं. रोवळी तिने जन्मभर पाहिली होती, नळाखाली धरली होती, एवढंच.

तेवढ्यात अभयचा फोन आला. हा कंपनीचा माणूस, पुण्याहून सगळ्या कारागिरांची पानं बघायचा. गोड बोलायचा, आणि घाईत असला की जास्तच गोड. रसिकाने फोन स्पीकरवर टाकला.

"एकदम फर्स्ट क्लास लिहिलंय, मावशी. किती पिढ्यांचं काम, ती चौकट रिकामी होती, ती मी भरली. सात टाकलंय. आता तुम्ही थेट वारसा दालनात. लोक आधी तेच उघडतात."

"सात कुणी मोजल्या?" जाईबाईने विचारलं.

"अहो, सगळेच टाकतात. तीनच्या खाली असेल तर त्या दालनात घेत नाहीत. बांबूचं काम तुमच्यात पूर्वीपासूनचंच ना?"

जाईबाईने रोवळी मांडीवरून बाजूला ठेवली. आवाज चढला नाही, पण रसिका सावरून बसली.

"पूर्वीपासूनचं व्हतं. आजेसासरे गावाला टोपल्या घालायचे. मागितली की द्यायची. नको म्हणायची सोय नव्हती, आणि वळली कुणी ते कोण पुसत नव्हतं. सासऱ्यांनी धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी कोयती विहिरीत टाकली. त्या सक्तीला मी वारसा म्हणू? मी धरलं ते माझ्या मनानं. माझ्यापासून मोज."

"म्हणजे एक? मावशी, साध्या यादीत कुठेतरी खाली जाल. कोणाच्या नजरेसही पडणार नाही."

"न पडू दे."

रसिकाने पडवीकडे पाहिलं. चाळीस रोवळ्या. दोन महिन्यांचं काम. तिला आजीचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. चार वाजायला सहा मिनिटं होती. तिने सात पुसून एक लिहिला आणि बटण दाबलं.

पान साइटवर लागलं. सगळ्यात वर जाईबाईचा फोटो, खाली नाव, त्याखाली 'केळशीजवळ, रत्नागिरी'. जाईबाईने मोबाइल हातात घेऊन स्वतःचं नाव दोनदा वाचलं, मग शेजारच्या सखूला हाक मारून वाचायला लावलं. कुणी चहा टाकला ते कळलंसुद्धा नाही.

पहिला कप संपायच्या आत मोबाइल वाजला. रसिका उभीच राहिली.

"आजी, सहा गेल्या! गंगटोकच्या बाईने घेतल्या. थांब, तिने काहीतरी विचारलंय." तिने घाईघाईने वाचून सांगितलं, "म्हणते, आमच्याकडेही बांबूचं काम चालतं, म्हणून कळतं. पहिलीच पिढी असून हात इतका बसलाय. कुणी शिकवलं?"

जाईबाईने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "सासूनं. गावाच्या टोपल्या बंद झाल्या तरी ती घरापुरती वर्साला एक रोवळी वळायची. कुणी सांगितलं नव्हतं तिला. चुलीपाशी बसून मला दाखवायची. लिव, चिमानं शिकवलं."

रसिकाची बोटं थांबली. "पणजीचं नाव चिमा होतं?"

"पुसलंस कधी?"

रसिकाने आधी गंगटोकला उत्तर लिहिलं. मग पिढ्यांची चौकट उघडली, एक पुसला आणि तिथे दोन केला.