दर 'अं'ला एक

जबड्याच्या हाडांवरचं लेक्चर संपता संपत नव्हतं. नव्या मॅडम अडखळत, "अं… अं…" करत एकेक स्लाइड पुढे सरकवत होत्या आणि वर्ग पेंगत होता. टक्क जागे होते दोघंच: मागच्या बाकावरची ती आणि दोन रांगा पुढे बसलेला चष्मिस.

तिचा फोन सायलेंटवर होता. व्हायब्रेशनही बंद, कारण लाकडी बाकावर त्याची घरघर सगळ्यांना ऐकू जाते. हनुवटीवर उजेड पडू नये म्हणून ब्राइटनेस अगदी कमी. ॲप्रनच्या घडीत अंगठा चालायचा, डोळे मात्र फळ्याकडे.

"मॅडम 'अं' म्हणाल्या की एक पापी," चष्मिसचा मेसेज आला.

"मग आज तुझी चंगळ आहे," तिनं कळवलं.

दर "अं"ला इकडून पापीची एक इमोजी जायची, तिकडून एक यायची. हसू काही आवरेना. संशय नको म्हणून ती मॅडमकडे बघूनच हसायची, वर समजल्यासारखी मान डोलवायची. एकदा मॅडमही तिच्याकडे बघून हसल्या. तिला आत कुठेतरी टोचलं, पण अंगठा थांबला नाही.

लेक्चर संपताच मॅडम थेट तिच्या बाकाशी आल्या. तिनं फोन घाईनं ॲप्रनच्या खिशात सरकवला.

"थँक यू गं," मॅडम हळूच म्हणाल्या. "माझं पहिलंच लेक्चर होतं. मी अडखळले की दर वेळी तू हसून धीर देत होतीस."

तिला मान वर करवेना.

"उद्या पहिल्या बाकावर बसशील का?"