रविवारचे फोन

"नुसतं वाचून दाखवू नकोस, मराठीत लिहून दे," आई म्हणाली. बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते आणि परदेशातल्या सुनेचा, हेलनचा, सहा वर्षांतला पहिलाच निरोप आला होता. परस्पर लग्न केलेल्या मुलाशी आणि तिच्याशी घरातल्या कुणी बोलायचं नाही, असं आईनंच बजावलं होतं.

निरोप इंग्रजीत, दोनच ओळींचा. 'सॉरी फॉर युवर लॉस'पाशी नीरजा अडली. 'तुमच्या नुकसानीबद्दल' हे विमा कंपनीचं पत्र वाटलं असतं. तिनं लिहिलं, 'बातमी कळली, फार वाईट वाटलं. तुमच्या दुःखात मी सोबत आहे.'

पुढच्या ओळीवर पेन थांबलं. 'बाबांचे रविवारचे फोन आता येणार नाहीत.' बाबा हा शब्द हेलननंच वापरला होता. 'त्यांची आठवण येत राहील' एवढ्यावर भागलं असतं, आईला कधीच कळलं नसतं. पण बाबांनी भीत भीत जपलेली गोष्ट पुसायला नीरजाचा हात धजेना. तिनं ओळ जशीच्या तशी उतरवली आणि कागद पुढे केला.

आईनं तो दोनदा वाचला.

"म्हणून रविवारी भाजी आणायला त्यांना दोन तास लागायचे," ती म्हणाली. मग तिनं कागदाच्या वरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"वर मायना नाही लिहिलास. मला काय म्हटलंय तिनं?"

"मिसेस कारखानीस."

"त्यांना बाबा, आणि मला मिसेस?" आईनं कागद परत सरकवला. "आई लिही."