वीपण

भाषाशास्त्र शिकवणाऱ्या बाबाचा एक नियम होता: लेकीने बनवलेले शब्द टिपून ठेवायचे, सुधारायचे नाहीत. घरात आई तिच्याशी इंग्रजीत बोलायची, बाबा मराठीत, आणि चार वर्षांची चिमी दोन्हींची खुशाल सरमिसळ करायची. 'दार ओपनव', 'मला टिकलवू नको'. बाबाची टिपणं नुसती फुगत चालली होती.

त्यातला 'वीपण' त्याचा सगळ्यात लाडका. मराठीत समोरच्याला धरून बोलायचं तर 'आपण', वगळून बोलायचं तर 'आम्ही'. मेल्या इंग्रजीत मात्र दोन्हींना एकच 'वी'. चिमीला ते काही चालेना. तिने 'वी'ला सरळ 'आपण' जोडून टाकलं. "वीपण बागेत जाऊया!" म्हणजे तिघांनी. आता 'आम्ही'ची जोडी कधी लागते, याकडे बाबा डोळे लावून बसला होता.

आज आतल्या खोलीत आई बॅग भरत होती, आणि चिमी दप्तर पाठीला लावून त्याच्या टेबलाशी आली.

"बाबा, मम्माने सांगितलं. वीम्ही आता आजीकडेच राहणार."

लागली की जोडी! त्याने हरखून पेन उचललं, 'वी अधिक आम्ही' असं लिहिलं, आणि हात तिथेच थांबला.

"वीपण गं, बाळा." पहिल्यांदाच त्याने तिचा शब्द सुधारला. "वीपण म्हणायचं."

चिमीने त्याच्याकडे पाहिलं, आणि लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "नाही बाबा. वीपणमध्ये तू येतोस."