धुतलेले हात

तंगवेल कारकुनाची बोटं पेल्यात बुडाली आणि पाणी गुलाबी झालं.

"बघा गं बायांनो!" वेल्लायम्माळ खिडकीचे गज धरून ओरडली. "मेल्याच्या पापाला रंग चढला!"

वारस दाखल्यासाठी त्यानं तीन हजार मागितले होते. पैसे नव्हते असं नाही, पण वेल्लायम्माळ कुणापुढं वाकणारी नव्हती. तिनं लाचलुचपत खातं गाठलं. त्यांनी आधी त्याचं मागणं टेपवर घेतलं, मग तिच्याच नोटांना सोड्याच्या पाण्यात गुलाबी उतरणारी पावडर फासली, दुसऱ्या खात्यातले दोन पंच आणून उभे केले. नोटा त्याच्या हातात पडल्या, तिनं डोक्यावर पदर घेतला. ती खूण होती. हप्त्यातला अर्धा वर जायचा, हे तालुक्याला ठाऊक होतं. वरच्यांची बोटं मात्र कुणी बुडवली नाहीत.

लाचलुचपतच्या साहेबानं तिची फाइलही पिशवीत घालून लाखेनं बंद केली.

"अहो, ती माझी!"

"पाट्टी," आजीला म्हणतात तसं तो म्हणाला, "आता तो पुरावा. कोर्टात राहील. दाखल्याला नवा अर्ज करा."

मुलगा वीज खात्यात तारेला चिकटून गेलेला. दाखला मिळाला तर सून पूंगोडीला त्याच्या जागी नोकरी. तो गेल्यापासून तीन वर्षांत मागायची, नाहीतर हक्क गेला. पदरात दोन पोरी.

नवा अर्ज केला. कचेरीत तिला कुणी वाकडं बोललं नाही. उलट उठून खुर्ची द्यायचे, आणि नियमावर बोट ठेवायचे. रेशनकार्डावर वेल्लायम्माळ, आधारवर वेल्लायी: शपथपत्र आणा. मृत्यूचा मूळ दाखला कोर्टात: नवा काढा. शेजाऱ्यांचे जबाब हवेत, तर शेजारी म्हणाले, "तुझ्या कागदावर अंगठा? नको बाई, आमचीही कामं अडकलीत." त्यांतलीच एक चहावाल्याकडं हजार ठेवून आठवड्यात दाखला घेऊन गेली.

तिकडं खटल्याला वरच्या साहेबाची परवानगी लागत होती. तो कागद त्याच्याच टेबलावर झोपला. वर्षानं तंगवेलचं निलंबन उठलं. पैशाचा संबंध नको म्हणून त्याला अर्ज घ्यायच्या खिडकीत बसवलं. प्रत्येक कागद तिथूनच आत जायचा.

मुदत संपायला महिना उरला, तेव्हा म्हातारीनं कानातलं सोनं मोडलं. नोटा विड्याच्या पानात गुंडाळल्या आणि खिडकीत हात घातला. जन्मात पहिल्यांदा तिचा आवाज खाली गेला.

"घे रे राजा. दहा आहेत. चुकलं माझं. कुणाला सांगणार नाही, पोरींची आण."

तंगवेलनं पानाकडं पाहिलं, मग तिच्या रिकाम्या कानांकडं. दोन्ही पंजे उघडून तिच्या तोंडासमोर धरले. धुतल्या तांदळासारखे.

"छे, पाट्टी. तुम्हीच तर सुधारलं मला. मी आता पैसे घेत नाही."