रात्री सावली कुठे जाते?

हॉस्पिटलच्या बागेत मावळत्या उन्हाकडे तोंड करून ती सरांची व्हीलचेअर ढकलत होती. शाळेत त्यांनीच शिकवलेली वाटसरूची कविता दोघांनाही अजून तोंडपाठ होती.

“सांग, दिवस उगवताना सावली कुठे?”

“वाटसरू निघालाय पश्चिमेला, सूर्य पाठीशी. म्हणून सावली पुढे, त्याच्याहून मोठी. ते बालपण. तिला पकडायला नुसतं धावत सुटायचं.”

“भर दुपारी?”

“पायाखाली. कामाच्या रगाड्यात तिच्याकडे बघायलाही सवड नाही.”

“आणि आत्ता?”

तिने स्वतःकडे पाहिलं. “संध्याकाळी मागे पडते, सर. तुमची माझ्या अंगावर पडलीय.”

सर खुदकन हसले. “रात्री सावली कुठे जाते, असं परीक्षेत विचारलं होतं मी. तू लिहिलंस, ‘घरी जाते.’ भोपळा दिला होता तुला.”

“वर वर्गात वाचूनही दाखवलंत! किती चिडवलं सगळ्यांनी मला!”

“गाईडमध्ये ‘मृत्यू’ असं छापलं होतं गं. पण आता तुझंच उत्तर पटतंय. पुरे झालं इथलं औषधपाणी. चल, घरी ने मला.”